नव्या लोकांपर्यंत जाणारी जाहिरात तोट्यात का दिसते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादर, ठाणे, पार्ल्यातून ऑनलाइन विक्री करणारे व्यावसायिक आणि त्यांच्या जाहिराती सांभाळणारी मंडळी गेली काही वर्षं मला साधारण हेच प्रश्न विचारत आली आहेत. ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. जिथे एक मुद्दा दुसऱ्यात शिरतो तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्रॉस्पेक्टिंग मोहीम म्हणजे नक्की कोणती, आणि तिचा हेलो म्हणजे काय?

ज्यांनी तुमच्याकडून कधी काही घेतलेलं नाही, तुमची साइट उघडलेली नाही आणि बहुधा तुमचं नावही ऐकलेलं नाही, अशा लोकांना दाखवली जाणारी जाहिरात म्हणजे प्रॉस्पेक्टिंग. इन्स्टाग्रामवर कुर्त्याची रील दिसते, बघणारी बाई लोकलमध्ये उभी असते, अंगठा पुढे सरकतो. क्लिक होत नाही. चार दिवसांनी तिला भाचीच्या साखरपुड्यासाठी कुर्ता हवा असतो, तेव्हा ती गूगलवर तुमचं नाव टाकते किंवा आठवलेला पत्ता सरळ ब्राउझरमध्ये लिहिते. विक्री झाली ती ब्रँड सर्चच्या किंवा डायरेक्टच्या खात्यात. नावाची ओळख मात्र रीलने करून दिली होती. एका मोहिमेचा असा जो परिणाम दुसऱ्या वाटेवर उमटतो, त्याला हेलो म्हणतात.

२. माझ्या प्रॉस्पेक्टिंगचा रोआस १.१ आहे आणि ब्रँड सर्चचा १४. सगळे पैसे ब्रँड सर्चला का देऊ नयेत?

रोआस म्हणजे जाहिरातीच्या एका रुपयामागे आलेली विक्री. १.१ आणि १४ शेजारी ठेवले की निर्णय सोपा वाटतो. पण ब्रँड सर्चवर पैसे वाढवून मागणी वाढत नाही. तुमचं नाव महिन्याला जितक्या लोकांनी शोधलं, तितक्यांनाच ती जाहिरात दाखवता येते. बजेट दुप्पट केलं तर एकतर ते खर्चच होत नाही, किंवा त्याच क्लिकसाठी जास्त भाव मोजला जातो.

ब्रँड सर्च हा दुकानाचा दरवाजा आहे. आत येणारा प्रत्येक माणूस दरवाजातूनच येतो, म्हणून दरवाजाच्या नावावर मोठी विक्री दिसते. तो माणूस त्या गल्लीत का वळला, हे दरवाजाला माहीत नसतं. १४ या आकड्याची आणखी एक अडचण आहे, ती प्रश्न ८ मध्ये आहे.

३. एवढी मोजमापाची साधनं असताना हा प्रवास डॅशबोर्डला दिसत का नाही?

कारण ही साधनं बहुतांशी क्लिक मोजतात, आणि इथे क्लिकच झालेला नसतो.

मेटाच्या अ‍ॅड्स मॅनेजरची विक्री मोहिमेच्या नावावर धरण्याची नेहमीची मुदत, म्हणजे खिडकी, क्लिकनंतर ७ दिवस आणि नुसतं पाहिल्यानंतर १ दिवस इतकी आहे. रील पाहिली सोमवारी, क्लिक केला नाही, खरेदी केली शुक्रवारी, तर ती विक्री मोहिमेच्या खात्यात येत नाही. त्यात एप्रिल २०२१ मध्ये आयओएस १४.५ आल्यापासून आयफोनवरची अ‍ॅप्स परवानगी विचारल्याशिवाय माणसाचा माग काढू शकत नाहीत, त्यामुळे खिडकीच्या आतल्या काही विक्रीचाही धागा तुटतो.

गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ ची अडचण वेगळी. दुसऱ्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये कोणी जाहिरात नुसती पाहिली, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. फोनवर रील पाहून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर खरेदी केली, तर त्याच्या लेखी बहुतेक वेळा ते दोन वेगळे लोक असतात. म्हणून त्याच मोहिमेचा रोआस मेटामध्ये १.१ आणि अ‍ॅनालिटिक्समध्ये ०.७ दिसणं अगदी नेहमीचं आहे. दोन्ही आकडे आपापल्या नियमांनुसार बरोबर आहेत. मोहीम नसती तर किती विक्री झाली नसती, या प्रश्नाला मात्र दोघांकडेही उत्तर नाही.

४. डायरेक्ट भेटी वाढल्या म्हणजे जाहिरातीचा परिणाम झाला, असं धरायचं का?

लगेच नाही. अ‍ॅनालिटिक्समध्ये `(direct) / (none)` असं जे दिसतं, त्याचा अर्थ ‘माणसाने पत्ता टाइप केला’ एवढाच नसतो. ‘कुठून आला ते कळलं नाही’ असा तो डबा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली लिंक, एसएमएसमधली लिंक, टॅग न लावलेला क्यूआर कोड, बिलाच्या पीडीएफमधला दुवा, हे सगळं बहुधा त्यातच पडतं. मुंबईत तर सोसायटीच्या आणि भिशीच्या ग्रुपवर फिरणाऱ्या लिंका हाच डायरेक्टचा मोठा हिस्सा असू शकतो.

आधी डबा साफ करा. स्वतः पाठवता त्या प्रत्येक लिंकला यूटीएम टॅग, म्हणजे माणूस कुठून आला ते सांगणारी खूण, लावा. मग उरलेल्या डायरेक्टमध्ये थेट होमपेजवर उतरणाऱ्या नव्या भेटी वेगळ्या काढा. कोणीही लांबलचक पत्ता असलेलं प्रॉडक्टचं पान हाताने टाइप करत नाही. जाहिरातीचा हेलो शोधायचा तर तो होमपेजच्या या भेटींमध्ये शोधा.

५. हेलो आहे की नाही, याचा पहिला अंदाज कसा घ्यायचा?

गूगल सर्च कन्सोलमध्ये तुमच्या नावाच्या शोधांची इम्प्रेशन्स, म्हणजे त्या शोधांत तुमची साइट किती वेळा दिसली ते, आठवड्यानुसार काढा. तिथे १६ महिन्यांचा इतिहास मिळतो, म्हणजे गेल्या वर्षीचा तोच आठवडा शेजारी ठेवता येतो. लोक नाव कसंही लिहितात, त्यामुळे जोडून, तोडून, चुकीच्या स्पेलिंगने आणि देवनागरीत लिहिलेलं सगळं एका फिल्टरमध्ये घ्या. फिल्टरमध्ये ‘Custom (regex)’ हा प्रकार निवडा. साचा असा, त्यात आपलं नाव घाला:

```
brandname|brand name|brandnem|ब्रँडनाव
```

ही रेषा प्रॉस्पेक्टिंगच्या खर्चाच्या रेषेवर ठेवा. खर्च वाढल्यानंतर एक-दोन आठवड्यांनी नावाचे शोध वर सरकतात आणि खर्च थांबल्यावर हळूहळू खाली येतात, असं दोन-तीनदा दिसलं तर पुढे तपासण्यासारखं काही आहे.

हा पुरावा मात्र नाही. दिवाळीच्या आधी तुम्ही खर्चही वाढवता आणि लोक कपडेही शोधतात. दोन्ही रेषा एकत्र चढतात, आणि कोणी कोणाला चढवलं ते कळत नाही. केवळ या आलेखावर कोणी तुमच्याकडे बजेट मागत असेल, तर त्यांना पुढचा प्रश्न वाचायला द्या.

६. मग पक्कं कसं कळेल? एखादं उदाहरण आकड्यांसह सांगाल का?

काही शहरांत मोहीम बंद ठेवायची, काही शहरांत चालू ठेवायची आणि एकूण विक्रीतला फरक बघायचा. ऐकायला सोपं आहे, पण चुका तपशिलात होतात, म्हणून एक उदाहरण सावकाश सोडवू. आकडे हिशोब समजावा म्हणून घेतले आहेत, पण त्यांचा आवाका खऱ्या मध्यम व्यवसायासारखा आहे.

दादरमधून सुती कुर्ते विकणारा व्यवसाय. सरासरी ऑर्डर १,२०० रुपयांची, माल आणि कुरिअर वजा जाता निम्मे पैसे हातात राहतात. म्हणजे जाहिरात फिटायला खरा रोआस २ हवा. अ‍ॅड्स मॅनेजर १.१ दाखवतो आहे आणि भागीदाराला मोहीम बंद करायची आहे.

पहिलं काम शहरं निवडण्याचं. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई एकमेकांपासून वेगळी काढायचा प्रयत्न करू नका. माणूस राहतो डोंबिवलीला, रील बघतो कुर्ल्याला आणि ऑर्डर करतो लोअर परळच्या ऑफिसातून. इथे एका भागात बंद आणि दुसऱ्यात चालू असं काही उरतच नाही. म्हणून मुंबई परिसर आणि पुणे चाचणीबाहेर, दोन्हीकडे मोहीम नेहमीसारखी चालू. बंद गटात नाशिक, कोल्हापूर, सोलापूर. चालू गटात नागपूर, छत्रपती संभाजीनगर, सांगली. सांगली आणि कोल्हापूर जवळ आहेत, त्यामुळे थोडी सरमिसळ होणार, ती मान्य करून पुढे जायचं.

दुसरं काम, ऑर्डर कुठली ते ठरवायचं. अ‍ॅनालिटिक्समधल्या शहरावर विसंबू नका. ते इंटरनेटच्या पत्त्यावरून काढलेलं असतं, आणि मोबाइलवर सोलापूरचा माणूस मुंबईत बसलेला दिसू शकतो. डिलिव्हरीचा पिनकोड घ्या: नाशिक ४२२, सोलापूर ४१३, नागपूर ४४० अशा सुरुवातीच्या तीन अंकांवरून गट पडतात. सांगली आणि कोल्हापूर मात्र दोन्ही ४१६ मध्ये येतात, तिथे पूर्ण पिनकोड बघून वेगळं करा. हे तीन अंक शहराबरोबर आजूबाजूचा भागही घेतात, म्हणून जाहिरातीतली हद्दही तशीच रुंद आखा. आणि पोहोचलेल्या ऑर्डरीच मोजा. कॅश ऑन डिलिव्हरीत परत आलेला माल ही विक्री नव्हे.

तिसरं काम, आधीचं प्रमाण बघायचं. या व्यवसायात बंद करायच्या गटातून आठवड्याला साधारण २४० ऑर्डरी येत, चालू गटातून ३००. म्हणजे प्रमाण ०.८०. मागच्या वर्षाचे पाच-पाच आठवड्यांचे तुकडे पाडले तर ते ०.७६ ते ०.८४ च्या मध्ये हलत होतं. ही हालचाल लिहून ठेवणं फार गरजेचं आहे, कारण शेवटी निकाल किती ठाम आहे ते तीच सांगते.

मग जून-जुलैमध्ये, सणांपासून लांब, पाच आठवडे पहिल्या गटात प्रॉस्पेक्टिंग बंद. बाकी काहीही हलवायचं नाही: ब्रँड सर्च, साइट पाहून गेलेल्यांना पुन्हा दिसणारी रिमार्केटिंगची जाहिरात, सवलती, सगळं दोन्ही गटांत सारखं.

चालू गटात पाच आठवड्यांत १,५०० ऑर्डरी आल्या. जुन्या प्रमाणानं बंद गटात १,२०० यायला हव्या होत्या. आल्या १,०५०. दीडशे कमी, म्हणजे १,८०,००० रुपयांची विक्री. तिथे वाचवलेला खर्च ७५,००० रुपये. भागाकार २.४. ज्या मोहिमेला डॅशबोर्ड १.१ देत होता, तिचा खरा परतावा २.४ निघाला.

हरवलेल्या दीडशे ऑर्डरी नेहमी कुठल्या खात्यात जमा होत, तेही ऑर्डर क्रमांक जुळवून काढता येतं. इथे शेवटच्या क्लिकच्या हिशोबात इन्स्टाग्रामच्या जाहिरातीखाली ४५ च कमी झाल्या. नावाने शोधून येणाऱ्या ६२ कमी, डायरेक्ट ३५ कमी, उरलेल्या ८ इतर वाटांच्या. म्हणजे मोहिमेच्या दहा ऑर्डरींपैकी तीनच तिच्या स्वतःच्या नावावर लागत होत्या.

आता ठामपणा. प्रमाण आपोआप ०.०४ इतकं इकडेतिकडे होतं, म्हणजे १,५०० वर ६० ऑर्डरींची चूक संभवते. तूट ९० ते २१० मध्ये कुठेही असू शकते, आणि परतावा साधारण १.४ ते ३.४ मध्ये. यातून दोन वेगळे निष्कर्ष निघतात, ते मिसळू नका. १.१ हा आकडा मोहिमेचं काम कमी दाखवतो, हे खालच्या टोकालाही टिकतं. मोहीम नफ्यात आहे, हे मात्र अजून ठाम नाही, कारण २ ची रेषा या पट्ट्याच्या आत पडते. अशा वेळी महिनाभर थांबून गटांची अदलाबदल करून चाचणी पुन्हा करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मधला आकडा उचलून बजेट दुप्पट करू नये.

७. आम्ही दहा दिवस मोहीम बंद केली, विक्रीत फरक पडला नाही. मग हेलो नाहीच ना?

दहा दिवस पुरत नाहीत. मागच्या उदाहरणात बंद गटाचं प्रमाण आठवड्यागणिक ०.७९, ०.७४, ०.६९, ०.६५, ०.६३ असं उतरलं. पहिल्या आठवड्यात जवळजवळ काहीच दिसलं नाही, कारण आधी रील पाहिलेले लोक अजून नाव शोधत येत होते. दहाव्या दिवशी निकाल लावला असता तर ‘पैसे वाचले, विक्री तशीच’ असं म्हणून मोहीम कायमची बंद झाली असती. आणि दोन महिन्यांनी ब्रँड सर्च का सुकला, याचं कारण कोणी तिकडे शोधलंही नसतं.

मोहीम पुन्हा चालू केल्यावर विक्री लगेच परत येत नाही, तोही काळ नोंदवा. त्या आठवड्यांतली तूट बंदचीच आहे. ती धरली नाही, तर परतावा प्रत्यक्षापेक्षा थोडा कमीच निघतो.

८. मग ब्रँड सर्चची जाहिरात बंद केली तर चालेल का?

हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचीही चाचणी करता येते. ईबेने २०१२ मध्ये स्वतःच्या नावावरच्या सर्च जाहिराती काही सर्च इंजिनांवर बंद करून पाहिल्या. जाहिरातीतून येणारी जवळपास सगळी माणसं खालच्या फुकटच्या दुव्यावरून आली. ब्लेक, नॉस्को आणि टाडेलिस यांचा हा अभ्यास २०१५ मध्ये इकॉनोमेट्रिका या नियतकालिकात छापला गेला. त्यामुळे १४ चा रोआस पाहिला की आधी विचारायचं, यातले किती लोक तसेही येणार होते?

ईबेचं नाव मात्र सगळ्यांना माहीत होतं. तुमच्या नावावर प्रतिस्पर्धी बोली लावत असेल, किंवा नाव शोधल्यावर वर मार्केटप्लेसची पानं येत असतील, तर उत्तर बदलू शकतं. ही चाचणी प्रश्न ६ मधल्या चाचणीबरोबर एकाच वेळी करू नका, तूट कशामुळे आली ते कळणार नाही.

९. मेटा ‘पाहिल्यानंतर १ दिवस’ मोजतोच. त्यात हेलो आला नाही का?

थोडा आला, आणि त्याबरोबर नको तेही आलं. ज्याने सकाळी रील पाहिली आणि संध्याकाळी खरेदी केली, तो कदाचित जुना ग्राहक होता आणि घेणारच होता. म्हणून पाहिल्यानंतरचा आकडा हेलोच्या हिशोबात वरून मिळवू नका. प्रश्न ६ मधल्या बंद गटात मोहीम चालू असती, तर मेटाने तिथे पाच आठवड्यांत ६९ ऑर्डरींचा दावा केला असता. खरा फरक १५० चा होता. त्या दीडशेत हे ६९ मिळवून २१९ करणं ही दुहेरी मोजणी आहे. चाचणीचा आकडा पूर्ण असतो, त्यात काहीही मिळवायचं नाही.

१०. चाचणीतून निघालेला गुणक रोज कसा वापरायचा?

प्रश्न ६ ची दुसरी चाचणीही २.४ च्या आसपासच आली असं धरू. २.४ भागिले १.१, म्हणजे साधारण २.२. पुढचे काही महिने अ‍ॅड्स मॅनेजरच्या आकड्याला २.२ ने गुणून वाचा. नफ्यासाठी २ हवा असेल तर डॅशबोर्डवर ०.९ पुरेसा ठरतो.

हा गुणक त्या मोहिमेचा, त्या खर्चाच्या पातळीचा आणि त्या हंगामाचा आहे. खर्च तिप्पट केलात तर पुढचा रुपया आधीच्या रुपयाइतकं काम करणार नाही. रील बदलल्या, किंमत बदलली, दिवाळी आली, की गुणक जुना झाला. वर्षातून दोनदा तरी तो पुन्हा काढा.

११. आमची एजन्सी प्रत्येक तोट्याला हेलो म्हणते. खरं-खोटं कसं ओळखू?

हेलो असेल तर त्याच्या खुणा इतर ठिकाणी दिसायलाच हव्यात. नव्या ग्राहकांचं प्रमाण बघा. प्रॉस्पेक्टिंगवर खर्च वाढतो आहे आणि एकूण ऑर्डरींत पहिल्यांदा घेणाऱ्यांचा वाटा महिनोन्‌महिने हललेला नाही, तर जाहिरात जुन्याच लोकांना दिसते आहे. मोहिमेतून जुने ग्राहक वगळले आहेत का, ते स्वतः उघडून तपासा. मी तपासलेल्या खात्यांत ही चूक वारंवार निघाली आहे.

रील सुरेख आहे, पण तिच्यात पहिल्या काही सेकंदांत तुमचं नाव ना दिसतं, ना ऐकू येतं, असंही होतं. लोकांना कुर्ता आठवतो, नाव आठवत नाही. ते गूगलवर ‘निळा हँडब्लॉक कुर्ता’ शोधतात आणि दुसऱ्याकडून घेतात. तुमच्या पैशाने बाजार वाढला, तुमचा ब्रँड सर्च नाही.

एजन्सीला एकच विचारा: प्रश्न ६ सारखी चाचणी करायला तयार आहात का? नकार आला, तर कारण लेखी मागा.

१२. आमच्या आठवड्याला पन्नासच ऑर्डरी येतात. चाचणी जमेल का?

शहरांची जमणार नाही. दोन गटांत वाटल्यावर आठवड्याला पंचवीस-पंचवीस उरतात, आणि त्यात पाच-सहाचा फरक तर काही न करताही पडतो. निकाल म्हणून जे दिसेल ते नशीब असेल.

त्याऐवजी पैसे भरल्यानंतरच्या पानावर एक प्रश्न ठेवा: ‘आमचं नाव पहिल्यांदा कुठे कळलं?’ पर्याय चार-पाचच ठेवा, त्यांचा क्रम प्रत्येक वेळी बदलता ठेवा, नाहीतर लोक पहिलाच निवडतात. मग नावाने शोधून आलेल्यांची उत्तरं वेगळी काढा. त्यातले बरेच जण इन्स्टाग्राम म्हणत असतील, तर दिशा कळली. माणसाची स्मरणशक्ती कच्ची असते, म्हणून यावरून रोआस काढू नका.

१३. आमचं दादरला दुकान आहे आणि अ‍ॅमेझॉनवरही माल आहे. तिथला हेलो कसा धरायचा?

अ‍ॅमेझॉनच्या विक्री अहवालात डिलिव्हरीच्या शहराची माहिती मिळत असेल, तर ती विक्रीही प्रश्न ६ च्या गटांत वाटून मिळवा. पुष्कळ लोक रील पाहून नाव सरळ अ‍ॅमेझॉनवरच शोधतात. ती विक्री सोडली तर परतावा पुन्हा कमी दिसेल. फक्त तिथलं कमिशन वजा करून नफ्याची रेषा वेगळी काढा, दोन्हीकडे २ धरून चालणार नाही.

दुकानाचं अवघड आहे, कारण मुंबई चाचणीबाहेर आहे. काउंटरवर बिल करताना मोबाइल नंबर घेत असाल तर ‘पहिल्यांदा आलात का, कुठून कळलं’ एवढं विचारून वहीत खूण करा. शनिवारी संध्याकाळी गर्दीत ते राहून जातं, म्हणून आठवड्यातले ठरावीक दोन दिवसच विचारा, पण त्या दिवशी प्रत्येकाला विचारा.

१४. गूगलवरच्या आमच्या परफॉर्मन्स मॅक्स मोहिमेचा रोआस ७ आहे आणि तीही नव्या लोकांसाठीच आहे. मग इन्स्टाग्रामच कमकुवत नाही का?

आधी त्या मोहिमेत तुमचं ब्रँडनाव वगळलेलं आहे का, ते बघा. वगळलं नसेल तर परफॉर्मन्स मॅक्स तुमच्या नावाच्या शोधांवरही जाहिरात दाखवते, आणि इन्स्टाग्रामने तयार केलेली मागणी तिथे जाऊन जमा होते. ब्रँड वगळण्याची सोय मोहिमेच्या सेटिंगमध्ये आहे. वगळल्यानंतर ७ चे ३ झाले, तर उरलेले ४ कुठले होते ते कळलं. ब्रँड वगळून निदान चार आठवडे जाऊ द्या, मगच दोन मोहिमांचे आकडे शेजारी ठेवा.